प्रश्न एक, वाचने तीन: पाच गुणांच्या प्रश्नाची दुरुस्ती

पत्र: नमस्कार. मी माध्यमिक वर्गांना विज्ञान शिकवते. सत्र परीक्षेत मी पुढील प्रश्न विचारला होता: ‘बाष्पीभवनावर परिणाम करणारे घटक स्पष्ट करा आणि त्याचा कपडे वाळण्याशी असलेला संबंध थोडक्यात सांगा. (५)’. एकाच उत्तरपत्रिकेला मी ४ गुण दिले, माझ्या सहकाऱ्यांनी २. आम्ही दोघेही आपापल्या जागी बरोबर आहोत असं वाटतं! त्याच पेपरातल्या एका गणिती प्रश्नाचंही असंच झालं: ‘एका बशीत १०० ग्रॅम पाणी ठेवले, ४ तासांनी ८८ ग्रॅम उरले. दुसऱ्या, अधिक पसरट बशीत तेवढेच पाणी ठेवले असता ७६ ग्रॅम उरले. बाष्पीभवन किती वाढले? (३)’. त्याला चार वेगवेगळी उत्तरं आली आणि एकही चुकीचं म्हणता येईना. पुढच्या वेळी प्रश्न कसे लिहू? आणि झालेल्या पेपराचं काय करू?
— एक विज्ञान शिक्षिका

उत्तर:

नमस्कार. तुम्ही आणि तुमचे सहकारी दोघेही बरोबर आहात, आणि अडचण नेमकी तीच आहे. प्रश्नात गुणांचा हिशेब लिहिलेला नाही, म्हणून तपासताना प्रत्येकाने तो आपापला मांडला. त्या उत्तरपत्रिकेत विद्यार्थ्याने चार घटकांची नुसती नावे लिहून खाली ‘वारा असला की कपडे लवकर वाळतात’ एवढेच लिहिले असेल, असे धरून चालू. तुम्ही मनात ‘तीन घटकांचे ३ आणि कपड्यांचे २’ अशी विभागणी केली असेल, तर तीन घटकांचे ३ आणि कपड्यांच्या वाक्याचा १ असे ४ गुण होतात. सहकाऱ्यांनी ‘स्पष्ट करा’ हे शब्द धरले असतील, तर नुसत्या नावाला प्रत्येकी अर्धा असे चार घटकांचे २ होतात आणि कारण न दिल्यामुळे कपड्यांच्या वाक्याला शून्य. एकूण २.

प्रश्न विद्यार्थ्याच्या डोळ्यांनी पुन्हा वाचा. घटक किती लिहायचे, याचा पत्ता नाही. ‘स्पष्ट करा’ म्हणजे नाव पुरे, की प्रत्येकाचा परिणाम कसा होतो तेही हवे? ‘त्याचा’ हे एकवचन आहे, म्हणून व्याकरणाने ते बाष्पीभवनाकडे बोट दाखवते. तुमच्या मनात घटक असतील तर तिथे ‘त्यांचा’ हवे होते. ‘संबंध’ हा शब्द सर्वांत निसरडा, कारण ‘कपडे वाळणे म्हणजे बाष्पीभवनच’ हेही संबंधाचेच उत्तर झाले. ‘थोडक्यात’ म्हणजे एक ओळ की पाच, हे ज्याचे त्याने ठरवायचे. आणि शेवटचा (५) हा आकडा दोन कामांवर कसा वाटला आहे, हे फक्त तुम्हाला ठाऊक.

दुरुस्तीची सुरुवात प्रश्नापासून करू नका, उत्तरापासून करा. कोऱ्या कागदावर आधी आदर्श उत्तर लिहा. मग ज्या ज्या मुद्द्याला तुम्ही स्वतंत्र गुण द्याल त्याच्यापुढे १ लिहा. बेरीज पाच झाली नाही, तर शब्द बदलून भागणार नाही. एकतर काम वाढवावे लागेल किंवा गुण कमी करावे लागतील. बेरीज जुळली की प्रत्येक गुणासाठी विद्यार्थ्याने नेमके काय करायचे ते क्रियापद निवडायचे आणि त्याभोवती वाक्य बांधायचे. हा क्रम उलटा झाला की तुमच्या प्रश्नाचे झाले तसे होते: वाक्य आधी सुचते आणि गुण मागाहून त्याला चिकटवले जातात.

क्रियापदांबाबत एक पथ्य पाळा: एका पेपरात एका क्रियापदाचा एकच अर्थ. ‘लिहा’ किंवा ‘नावे लिहा’ म्हटले की कारण मागायचे नाही आणि कारण लिहिले म्हणून जादा गुणही द्यायचे नाहीत. ‘वर्णन करा’ म्हणजे काय घडते ते, ‘कारण द्या’ म्हणजे ते का घडते ते. ‘स्पष्ट करा’ हा शब्द आपल्याकडे सरसकट वापरून इतका गुळगुळीत झाला आहे की तो जिथे दुव्याला दुवा जोडून कारण मांडायचे असेल तिथेच ठेवावा. ‘फरक स्पष्ट करा’ला एक गुण म्हणजे दोन्ही बाजूंची जोडी, हे आधी ठरवा. नाहीतर एकाच बाजूचे चार मुद्दे लिहिलेल्या विद्यार्थ्याशी वाद ठरलेला. ‘विषयी लिहा’, ‘माहिती द्या’, ‘टीप लिहा’ या तिन्हींत काम कुठे संपते ते कळतच नाही, म्हणून मोजून गुण द्यायच्या प्रश्नात त्यांना जागा नाही.

आता तुमचा प्रश्न या पद्धतीने बांधू. समजा आदर्श उत्तरात तीन घटकांच्या नावांचे तीन गुण आणि वाऱ्यात कपडे का वाळतात याच्या कारणसाखळीतील दोन दुव्यांचे दोन गुण आहेत. पहिला मसुदा साधारण असा होईल:

‘दोन सारखे ओले टॉवेल दोन खोल्यांत वाळत घातले आहेत. एका खोलीत पंखा चालू आहे, दुसऱ्या खोलीत बंद आहे. दोन्ही खोल्यांतील तापमान व आर्द्रता सारखी आहे.
(अ) बाष्पीभवनाच्या वेगावर परिणाम करणारे कोणतेही तीन घटक लिहा. (३)
(आ) पहिल्या खोलीतील टॉवेल आधी का वाळतो ते स्पष्ट करा. (२)’

हा जुन्यापेक्षा बरा आहे, पण छापायला द्यायच्या लायकीचा नाही. परिस्थिती नीट सांगण्याच्या नादात तापमान आणि आर्द्रता हे दोन घटक आपणच छापून दिले. वारा तर पंख्याच्या रूपाने समोरच आहे. ज्याने धडा उघडलाही नाही तो (अ)चे तीनही गुण प्रश्नातूनच उचलेल. प्रश्न स्वच्छ करायला गेले की ही गळती हमखास होते, म्हणून पोटप्रश्न असलेल्या प्रत्येक प्रश्नाबाबत स्वतःला विचारा: या भागाचे उत्तर वरच्या मजकुरात किंवा दुसऱ्या पोटप्रश्नात सापडते का? शिवाय ‘पहिल्या खोलीतील’ म्हणजे कोणती, हे शोधायला विद्यार्थ्याला पुन्हा वर जावे लागते. सुधारलेला मसुदा:

‘दोन सारखे ओले टॉवेल एकाच वेळी वाळत घातले आहेत. टॉवेल क पंख्याच्या वाऱ्यात आहे, टॉवेल ख वारा नसलेल्या जागी आहे. बाकी सर्व परिस्थिती सारखी आहे.
(अ) वाऱ्याव्यतिरिक्त, बाष्पीभवनाच्या वेगावर परिणाम करणारे कोणतेही तीन घटक लिहा. (३)
(आ) टॉवेल क हा टॉवेल ख पेक्षा लवकर वाळतो. याचे कारण टॉवेलालगतच्या हवेतील बाष्पाच्या आधारे स्पष्ट करा. (२)’

‘बाकी सर्व परिस्थिती सारखी’ या शब्दांनी गळती थांबली. ‘वाऱ्याव्यतिरिक्त’ लिहिल्यामुळे समोर दिसणाऱ्या घटकाला गुण देण्याचा प्रश्नच उरला नाही. ‘कोणतेही तीन’ म्हटले, ‘किमान तीन’ नाही. ‘किमान तीन’ वाचून हुशार विद्यार्थी चौथा, पाचवा लिहीत बसतो, कारण तीनवर पूर्ण गुण मिळतील याची त्याला खात्री वाटत नाही. (आ)मध्ये ‘हवेतील बाष्पाच्या आधारे’ ही दिशा मुद्दाम दिली आहे. ती नसती तर ‘वाऱ्यामुळे बाष्पीभवन वाढते’ असे लिहिणारा विद्यार्थी आपण कारण दिले असेच समजला असता, आणि त्याला दोष देता आला नसता. दिशा दाखवल्याने उत्तर फुटत नाही. त्या हवेचे काय होते ते त्यालाच सांगायचे आहे.

इथे ‘टॉवेल घडी घालून ठेवला तर काय होईल?’ असा तिसरा पोटप्रश्न जोडण्याचा मोह होईल. तो टाळा. त्याचे उत्तर पृष्ठफळाचे आहे आणि पृष्ठफळ (अ)च्या यादीत येऊ शकते. एकाच माहितीला दोनदा गुण मिळतील आणि शिवाय (अ)ला सूचनाही मिळेल. ‘वेळ वाढेल की कमी होईल?’ अशा दोनच पर्यायांच्या प्रश्नाला गुण ठेवणे म्हणजे तो गुण निम्म्या वेळा नशिबाला देणे. असा प्रश्न घ्यायचाच असेल तर वेगळ्या जागी घ्या, परिणाम आपणच सांगून टाका आणि गुण फक्त कारणाला ठेवा.

आता गुणदान तक्ता. तो ‘बरोबर उत्तराला ३’ इतका ढोबळ असेल तर तुमचे आणि सहकाऱ्यांचे पुन्हा जमणार नाही. (अ)साठी तापमान, पृष्ठफळ, हवेतील आर्द्रता आणि द्रवाचा प्रकार यांपैकी कोणतेही तीन, प्रत्येकी १. मग सीमेवरची उत्तरे: ‘उष्णता’ स्वीकारा, ‘पसरटपणा’ स्वीकारा, ‘हवामान’ स्वीकारू नका, कारण त्यात तापमान, वारा आणि आर्द्रता सगळेच येते. ‘पाण्याचे प्रमाण’ हे उत्तर नक्की येणार. पाणी जास्त असले की सगळे आटायला वेळ जास्त लागतो, पण पृष्ठफळ तेच असेल तर वेग त्यामुळे बदलत नाही. आपण (अ)मध्ये ‘वेगावर’ हा शब्द वापरला असल्याने ते नाकारता येते. तुमच्या मूळ प्रश्नात नुसते ‘बाष्पीभवनावर परिणाम’ होते, तिथे ते नाकारणे अवघड गेले असते.

कोणी पाच घटक लिहिले आणि त्यातले दोन चुकीचे असले तर? नियम काहीही करा, पण तो विद्यार्थ्यालाही माहीत असू द्या. पेपराच्या पहिल्या पानावर ‘मागितल्यापेक्षा जास्त मुद्दे लिहिल्यास क्रमाने पहिले तेवढेच तपासले जातील’ ही एक ओळ छापली की हा वाद उरत नाही.

(आ)साठी: टॉवेलाजवळची बाष्पयुक्त हवा वाऱ्याने बाजूला जाते व तिची जागा तुलनेने कोरडी हवा घेते, याला १. त्यामुळे टॉवेलालगत बाष्प साठत नाही आणि बाष्पीभवनाचा वेग मंदावत नाही, याला १. ‘वाऱ्यामुळे लवकर वाळते’ याला शून्य, कारण ते प्रश्नातच दिले आहे. ‘वारा पाणी उडवून नेतो’ यालाही शून्य. दुसरा दुवा लिहिला पण पहिला नाही, तर १ द्यायचा की नाही, हे आत्ताच ठरवून लिहा. द्यावा असे आमचे मत, पण ठरलेले असणे महत्त्वाचे.

उत्तरासाठी सोडलेल्या ओळीही विद्यार्थ्याशी बोलतात. (अ)ला ‘१.’, ‘२.’, ‘३.’ असे आकडे घालून तीन ओळी आणि (आ)ला चार ओळी पुरेत. दोन गुणांना दहा ओळी ठेवल्या, तर त्या भरायच्या असतात असेच विद्यार्थी समजतो.

गणिती प्रश्नाकडे वळू. ‘बाष्पीभवन किती वाढले?’ याला १२ ग्रॅम, ३ ग्रॅम प्रति तास, दुप्पट आणि १०० टक्के ही चारही उत्तरे खरी आहेत, कारण वजनातील फरक हवा, वेगातील फरक हवा, पट हवी की टक्केवारी, हे प्रश्नाने विचारलेच नाही. मराठीत तर ‘दुपटीने वाढले’ या शब्दांचाही घोळ आहे. कोणी त्याचा अर्थ ‘दुप्पट झाले’ असा घेतो, तर कोणी ‘मूळच्या दुपटीइतकी भर पडली’, म्हणजे तिप्पट झाले, असा. म्हणून ‘पटीने वाढले’ लिहायचेच नाही, ‘किती पट आहे’ असे विचारायचे. त्याशिवाय दुसऱ्या बशीतील पाणी किती वेळाने मोजले, हे प्रश्नात कुठेच नाही. ४ तास ही विद्यार्थ्यांनी गृहीत धरलेली गोष्ट आहे.

आणखी एक दोष आकड्यांत दडला आहे. पहिल्या बशीतून १२ ग्रॅम पाणी गेले, दुसऱ्या बशीतून २४. त्यांचा फरकही १२. विद्यार्थ्याने १२ लिहिले तर त्याने पहिल्या बशीची घट लिहिली की दोन्हींतला फरक, हे तुम्हाला कळणार नाही. वेगाचेही तेच: पहिला वेग ३ आणि वेगांतील फरकही ३. आकडे असे निवडा की प्रत्येक वेगळ्या रीतीचे उत्तर वेगळे येईल. दुसऱ्या बशीत ७० ग्रॅम उरले असे धरा. मग घट १२ आणि ३०, फरक १८, वेग ३ आणि ७.५, त्यांतला फरक ४.५, आणि पट २.५. एकही आकडा दुसऱ्याशी जुळत नाही, त्यामुळे चूक कुठे झाली ते उत्तरावरूनच दिसते. नवा प्रश्न असा:

‘बशी प आणि बशी फ यांत प्रत्येकी १०० ग्रॅम पाणी ठेवले. ४ तासांनी बशी प मध्ये ८८ ग्रॅम आणि बशी फ मध्ये ७० ग्रॅम पाणी उरले.
(अ) बशी प मधील बाष्पीभवनाचा सरासरी वेग ग्रॅम प्रति तास या एककात काढा. रीत दाखवा. (२)
(आ) बशी फ मधील वेग बशी प मधील वेगाच्या किती पट आहे? (१)’

(अ)चे गुण: १०० − ८८ = १२ ला १, आणि १२ ÷ ४ = ३ ला १. एकक प्रश्नातच दिल्यामुळे त्याला वेगळा गुण नाही आणि ते विसरले म्हणून कपातही नाही. एकक तपासायचे असेल तर ते प्रश्नातून काढून ‘योग्य एककासह’ असे लिहा आणि त्याचा एक गुण दाखवा. ‘रीत दाखवा’ असे छापले आहे, म्हणून नुसते ‘३’ लिहिणाऱ्याला १ देता येतो. ते छापले नसते तर बरोबर उत्तराला पूर्ण २ द्यावे लागले असते.

(आ)मध्ये ७.५ ÷ ३ = २.५ किंवा, वेळ सारखाच असल्याने, थेट ३० ÷ १२ = २.५ दोन्ही चालतील. ज्याने (अ)मध्ये वजाबाकी चुकवून १२ ऐवजी २२ काढले, त्याचा वेग ५.५ येईल. पुढे त्याने ७.५ ÷ ५.५ करून १.३६ किंवा १.४ लिहिले तर (आ)चा १ गुण द्या. त्याची चूक एकदाच झाली आहे, शिक्षाही एकदाच व्हावी. तक्त्यात ‘(अ)मधील चूक पुढे धरावी’ अशी नोंद करून ठेवा.

मराठी वाक्यरचनेचा एक सापळा इथेच सांगतो, कारण तो बरोबर की चूक प्रकारच्या विधानांत सारखा सापडतो. ‘सर्व धातू थंड पाण्याशी अभिक्रिया करत नाहीत.’ याचा अर्थ ‘एकही धातू करत नाही’ असा घेतला तर विधान चूक, कारण सोडिअम करतो. ‘सगळेच करतात असे नाही’ असा घेतला तर बरोबर, कारण सोने करत नाही. ‘सर्व’ आणि ‘नाही’ एका वाक्यात आले की ते वाक्य मोडा: ‘काही धातू थंड पाण्याशी अभिक्रिया करत नाहीत’ किंवा ‘कोणताही धातू … करत नाही’. बहुपर्यायी प्रश्नात ‘नाही’ टाळता आले तर टाळा. नाहीच टळले तर तो शब्द ठळक छापा.

पेपर छापण्याआधीची चाचणी अर्ध्या तासाची आहे. तो विषय शिकवणाऱ्या पण पेपर न पाहिलेल्या सहकाऱ्याला फक्त प्रश्न द्या, तक्ता देऊ नका. त्यांना उत्तर लिहू द्या आणि प्रत्येक गुण कशाला असेल ते समासात लिहू द्या. मग तुमचा तक्ता शेजारी ठेवा. जिथे गुण वेगळ्या ठिकाणी पडले तिथे प्रश्न दुरुस्त करा, सहकाऱ्याला समजावत बसू नका. ‘माझ्या म्हणण्याचा अर्थ असा होता की…’ हे वाक्य तोंडून निघाले, की ते शब्द प्रश्नात राहून गेले आहेत असे समजा. परीक्षेच्या खोलीत सांगायला तुम्ही नसणार. परीक्षेनंतरही सगळा गठ्ठा सुरू करण्याआधी कोणत्याही दहा उत्तरपत्रिका दोघांनी वेगवेगळ्या तपासा, गुण उत्तरपत्रिकेवर न लिहिता वेगळ्या कागदावर मांडा आणि मग जुळवा. आधी लिहिलेला आकडा दिसला की दुसरा तपासणारा नकळत त्याच्याकडे झुकतो.

झालेल्या पेपराबद्दल. दोघांनी बसून दोन्ही प्रश्नांची शब्दांतून प्रामाणिकपणे निघू शकणारी सगळी वाचने लिहून काढा. पाच गुणांच्या प्रश्नात तुमची ‘नावे पुरेत’ आणि सहकाऱ्यांची ‘स्पष्टीकरण हवे’ ही दोन्ही वाचने मान्य करावी लागतील. प्रत्येक वाचनासाठी पाच गुणांचा वेगळा तक्ता करा आणि विद्यार्थ्याला ज्यात जास्त गुण मिळतील तो लावा. तीन गुणांच्या प्रश्नात १२ ग्रॅम, ३ ग्रॅम प्रति तास, दुप्पट आणि १०० टक्के या चारही उत्तरांना रीतीसह पूर्ण गुण द्यावे लागतील. ‘तिप्पट’ला मात्र नाही, ते कोणत्याच वाचनात बसत नाही. प्रश्न रद्द करून सगळ्यांना सरसकट गुण देऊ नका. ज्याने नीट लिहिले आणि ज्याने कोरे सोडले ते दोघे त्यात एकाच पातळीवर येतात. आणि ही फेरतपासणी तक्रार घेऊन आलेल्यांपुरती ठेवू नका. त्या दोन प्रश्नांपुरत्या सगळ्याच उत्तरपत्रिका पुन्हा काढा. आठ गुणांचेच काम असल्याने गठ्ठा मोठा दिसला तरी एका बैठकीत उरकेल.